‘देमसेल्व्ज’ की ‘ईच अदर’: आपापसातला घोळ

प्रश्न: मॅडम, मी ऐरोलीला एका बॅक ऑफिसमध्ये आहे. क्लायंटला मेल लिहिला की बिलिंग आणि डिस्पॅच टीम्स वेअर ब्लेमिंग देमसेल्व्ज फॉर द डिले. मला म्हणायचं होतं की दोघं आपापसात एकमेकांवर ढकलत होते. क्लायंटचा रिप्लाय आला की ओनरशिप घेतल्याबद्दल दोन्ही टीम्सना थँक्स. टीम लीड म्हणाला अर्थ उलटा झाला. आपापसात म्हणजे अमंग देमसेल्व्ज हे तर शाळेपासून पाठ आहे, मग इथे का चुकलं? आणि दोघांपेक्षा जास्त असतील तर वन अनदर कंपल्सरी आहे का?

उत्तर:

तुमच्या क्लायंटने बरोबर वाचलं. तुमच्या वाक्याचा सरळ अर्थ असा होतो की बिलिंगवाले म्हणाले आमचं चुकलं आणि डिस्पॅचवालेही म्हणाले आमचं चुकलं. मग तो थँक्स म्हणणारच. तुम्हाला हवं होतं ‘ब्लेमिंग ईच अदर’. आता तुम्ही कुठे घसरलात ते मला तुमच्या प्रश्नातच दिसतंय, तो ‘आपापसात’ शब्द. मी नौपाड्यात बावीस वर्षं इंग्लिश शिकवतेय आणि मराठी मीडियमची मुलं इथे जी चूक करतात ती जवळपास कायम याच दारातून आत येते, त्यामुळे मी त्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे, पण आधी मूळ फरक पक्का करून घेऊ.

घरातलं उदाहरण घ्या. मुलाच्या अकरावीच्या ॲडमिशनचा फॉर्म भरायची शेवटची तारीख निघून गेली. आता आई-बाबा किचनमध्ये उभे आहेत. समजा आई म्हणतेय, अहो मीच बघायला हवं होतं, मोबाईलवर मेसेज आलेला माझ्या, आणि बाबा म्हणतायत नाही गं, मी सुट्टी घेऊन बसायला हवं होतं त्या दिवशी. हे झालं ‘दे ब्लेम्ड देमसेल्व्ज’. आता दुसरा सीन. आई म्हणतेय, तुम्हाला शंभरदा सांगितलेलं, आणि बाबा म्हणतायत, मेसेज तुझ्या फोनवर आला होता ना, मग. हे झालं ‘दे ब्लेम्ड ईच अदर’. माणसं तीच, फॉर्म तोच, क्रियापद तेच, फक्त दोषाची दिशा बदलली.

मी फळ्यावर दोन टिंबं काढते, एक आई एक बाबा. मग दोष देणाऱ्याकडून ज्याला दोष दिला त्याच्याकडे बाण काढायचा. पहिल्या सीनमध्ये आईकडून निघालेला बाण गोल फिरून आईवरच येतो आणि बाबांचा बाबांवर. दुसऱ्यात आईचा बाण बाबांवर, बाबांचा आईवर. बाण घरी परत आला की देमसेल्व्ज, समोरच्याच्या घरी गेला की ईच अदर. आठवीच्या मुलाला पण हे दोन मिनिटांत कळतं आणि नंतर वाक्य कितीही लांब झालं तरी टिंबं-बाण काढले की उत्तर मिळतं.

टिंबं काढायला कागद नसेल तर वाक्य तोडून बघा. कर्त्यातली माणसं सुटी करा आणि प्रत्येकाचं वेगळं वाक्य बनवा. ‘मदर ब्लेम्ड हरसेल्फ, फादर ब्लेम्ड हिमसेल्फ’ असं तुटत असेल तर दोन्ही जोडल्यावर देमसेल्व्ज येणार. ‘मदर ब्लेम्ड फादर, फादर ब्लेम्ड मदर’ असं तुटत असेल, म्हणजे नावांची अदलाबदल होत असेल, तर ईच अदर. आता हेच तुमच्या मेलला लावा. बिलिंग टीम काय म्हणत होती, डिस्पॅचने माल उशिरा काढला. डिस्पॅच काय म्हणत होती, बिलिंगने इनव्हॉइस उशिरा दिलं. (हे मी अंदाजाने लिहितेय, तुमच्याकडे नेमकं काय झालं ते तुम्हाला माहीत.) म्हणजे बिलिंग ब्लेम्ड डिस्पॅच, डिस्पॅच ब्लेम्ड बिलिंग. नावं अदलाबदल झाली. ईच अदर. तुमच्या मूळ वाक्यात मात्र बिलिंग ब्लेम्ड बिलिंग असं तुटतं, आणि क्लायंटने तेच वाचलं.

देमसेल्व्जमध्ये अजून एक तिसरा अर्थ पण दडलेला असतो तो लक्षात ठेवा. आई-बाबा दोघं शांत बसलेत आणि दोघांच्या मनात एकच गोष्ट, आपण दोघं कमी पडलो. इथे आईचा बाण फक्त आईवर नाहीये, ती दोघांना मिळून दोष देतेय, बाबाही तसंच. इंग्लिशमध्ये यालाही ‘दे ब्लेम्ड देमसेल्व्ज’च म्हणतात, वेगळा शब्द नाही. मराठीत आपण ‘स्वतःला दोष दिला’ आणि ‘आपलंच चुकलं असं त्यांना वाटलं’ असा थोडा फरक दाखवू शकतो. इंग्लिशमध्ये नेमकं सांगायचं असेल तर पहिल्यासाठी ‘ईच ऑफ देम टुक द ब्लेम’ किंवा सरळ दोन वाक्यं करावी लागतात. ऑफिसच्या मेलमध्ये हा फरक सहसा लागत नाही, पण जिथे जबाबदारी कुणाची हे लिहायचंय, म्हणजे इन्सिडंट रिपोर्ट वगैरे, तिथे मी सांगेन दोन वाक्यं करा, कंटाळा करू नका.

आता आपापसात. तुम्ही शाळेत जे पाठ केलं ते चूक नाहीये, ‘दे क्वारल्ड अमंग देमसेल्व्ज’ म्हणजे ते आपापसात भांडले, शंभर टक्के बरोबर. आता इथे गंमत अशी होते की भांडण तर एकाचं दुसऱ्याशीच होतं, स्वतःचं स्वतःशी कोण भांडतंय, म्हणजे अर्थ एकमेकांचा आणि शब्द मात्र देमसेल्व्ज. मग मुलाच्या डोक्यात समीकरण बसतं, एकमेकांशी म्हणजे देमसेल्व्ज, आणि पुढे तो ‘अमंग’ गाळून टाकतो आणि देमसेल्व्ज कुठेही चिकटवतो. तुमच्या मेलमध्ये हेच झालंय.

खरं काय चाललंय तर ते काम ‘अमंग’ करतोय. अमंग म्हणजे एक घोळका, एक वर्तुळ. ‘अमंग देमसेल्व्ज’ म्हणजे वर्तुळ त्यांचंच, जे काय चाललंय ते त्या वर्तुळाच्या आत, बाहेरचा माणूस त्यात नाही. देमसेल्व्ज इथे एकेका माणसाकडे परत जात नाही, अख्ख्या ग्रुपकडे परत जातं, आणि ग्रुपच्या आत बाण कुणाकडून कुणाकडे जातायत ते भांडणं या क्रियापदावरून आपल्याला आपोआप कळतं. म्हणजे देमसेल्व्जचा अर्थ बदललाच नाही, फक्त ते परत कशाकडे गेलं ते बदललं. मराठीतला ‘आपापसात’ पण असाच आहे बघा, त्यात ‘आप’ दोनदा बसलाय, म्हणजे शब्द स्वतःचाच आहे, आणि शेवटी ‘त’ लागलाय, आत या अर्थाचा. दोन्ही भाषांनी एकच युक्ती केलीय, म्हणून भाषांतर इतकं गुळगुळीत होतं आणि म्हणूनच फसायला होतं.

हे एकदा डोक्यात बसवायचं असेल तर बोलण्याची तीन वाक्यं शेजारी ठेवा. ‘दे टॉक्ड टू देमसेल्व्ज’, म्हणजे प्रत्येकजण एकटाच पुटपुटत होता, ठाणे-वाशी लोकलमध्ये सकाळी परीक्षेला जाणारी मुलं उत्तरं पुटपुटत बसलेली असतात ना तसं. ‘दे टॉक्ड टू ईच अदर’, म्हणजे गप्पा मारत होते. ‘दे टॉक्ड अमंग देमसेल्व्ज’, म्हणजे त्यांच्यातच बोलत होते, तुम्हाला त्यात घेतलं नाही. पहिलं आणि तिसरं वाक्य बघा, दोन्हीत देमसेल्व्ज आहे पण पहिल्यात कुणी कुणाशी बोलत नाहीये आणि तिसऱ्यात सगळे बोलतायत. फरक फक्त ‘टू’ आणि ‘अमंग’चा. म्हणून मुलांना मी सांगते की ‘अमंग’ किंवा ‘बिट्वीन’ असेल तर देमसेल्व्ज आपापसातच्या अर्थाने चालेल, बिल आपापसात वाटून घेतलं असेल तर ‘दे स्प्लिट द बिल अमंग देमसेल्व्ज’ छानच आहे, पण ते दोन शब्द गेले आणि देमसेल्व्ज क्रियापदाला थेट चिकटलं की आपापसात संपलं. ‘विथ’ने पण वाचवत नाही, ‘दे आर्ग्यूड विथ देमसेल्व्ज’ म्हणजे प्रत्येकाच्या मनातल्या मनात द्वंद्व चाललं होतं.

तुमच्या केसमध्ये ‘अमंग’ घालून काम झालं असतं का, तर नाही. ‘ब्लेमिंग अमंग देमसेल्व्ज’ असं इंग्लिशमध्ये म्हणत नाहीत कारण ब्लेमला मागे थेट कर्म लागतं, कुणाला ते सांगावंच लागतं. ‘आर्ग्यूइंग अमंग देमसेल्व्ज अबाउट हू वॉज टू ब्लेम’ असं म्हणता येतं, ते चांगलंच वाक्य आहे, फक्त तिथे क्रियापद आर्ग्यू झालं.

अजून एक कारण आहे ते मला बऱ्याच उशिरा लक्षात आलं. मराठीत आपल्याकडे असे शब्द आहेत ज्यांच्या पोटात एकमेकांना आधीच असतं. ढकलाढकली, मारामारी, ओढाओढी. ‘डोअरला ढकलाढकली चालली होती’ म्हटलं की कुणी कुणाला हे विचारावं लागत नाही. इंग्लिशच्या ‘पुश’मध्ये ते पोटात नाही, बाहेरून घालावं लागतं, आणि घालताना मूल गोंधळतं. माझ्या एका विद्यार्थिनीने सकाळच्या ठाणे स्टेशनचं वर्णन लिहिलं होतं, फार सुंदर लिहिते ती, त्यात वाक्य होतं ‘पीपल वेअर पुशिंग देमसेल्व्ज अॅट द डोअर’. आता ‘पुश वनसेल्फ’ म्हणजे स्वतःला रेटणं, जास्त मेहनत घेणं, खेळाडू प्रॅक्टिसमध्ये करतात ते. वाचणाऱ्याला वाटेल लोक दारात उभं राहून कसला तरी व्यायाम करतायत. तिला हवं होतं ‘पुशिंग ईच अदर’, किंवा नुसतं ‘पीपल वेअर पुशिंग’ पण चाललं असतं.

तसंच ‘हेल्प’. 26 जुलै 2005 च्या पुरावर निबंध दिला होता, त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, चहा-बिस्किटं दिली, हे सगळं मुलांनी आई-वडिलांकडून ऐकलेलं. एकाने लिहिलं ‘पीपल हेल्प्ड देमसेल्व्ज’. बाण काढा, प्रत्येकाचा बाण स्वतःवर, म्हणजे जो तो स्वतःचं बघत होता. आणि पुढे ‘टू फूड’ असं जोडलं असतं तर अजून वाईट, कारण ‘हेल्प वनसेल्फ टू’ म्हणजे स्वतःच्या हाताने घेणं, पाहुण्याला सांगितलं तर ‘घ्या ना वाढून’ असं प्रेमाने होतं पण पुरात लोकांनी असं केलं म्हटलं तर कुणीतरी न विचारता उचललं असा वास येतो. त्या मुलाने ज्या चांगुलपणाबद्दल लिहिलं त्याच्या नेमकं उलट उतरलं. म्हणून मी या चुकीला छोटी चूक मानत नाही. स्पेलिंग चुकलं तर वाचणारा सुधारून वाचतो, इथे वाक्य ग्रामरने एकदम शुद्ध असतं, त्यामुळे कुणाला शंकाच येत नाही आणि चुकीचा अर्थ पुढे जातो. कॉम्प्युटरची लाल रेघ पण येत नाही. तुमच्याही मेलला आली नसणार.

आता जास्त माणसं असली तर. तुमचा वन अनदरचा प्रश्न. शाळेत शिकवतात की दोघं असतील तर ईच अदर, दोनपेक्षा जास्त असतील तर वन अनदर. परीक्षेत रिकाम्या जागा भरा आलं तर तो नियम पाळा, मार्क कशाला घालवायचे. पण इंग्लिश लिहिणारे लोक तो पाळत नाहीत आणि पूर्वीही पाळत नव्हते. इंग्लिश वापराबद्दल लिहिणाऱ्यांमध्ये ज्यांचा शब्द खूप मानला जायचा त्या फाउलरनी 1926 मध्येच लिहून ठेवलं की या भेदाचा ना काही उपयोग आहे ना त्याला जुन्या वापराचा आधार. तर ऑफिसमध्ये चार टीम्स असल्या तरी ‘ईच अदर’ बिनधास्त लिहा. वन अनदर थोडं जास्त फॉर्मल वाटतं, एवढंच.

मात्र माणसं वाढली की बाणांचं काय होतं ते बघण्यासारखं आहे. दोघांत दोन बाण. पाच जण असतील आणि प्रत्येकाने बाकी प्रत्येकाला दोष दिला तर पाच गुणिले चार, वीस बाण. पण ‘द फाइव्ह रूममेट्स ब्लेम्ड ईच अदर’ म्हणायला वीसच्या वीस बाण असावे लागत नाहीत, दोष सगळीकडून सगळीकडे फिरत होता एवढं पुरेसं असतं. ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाची लाइन घ्या, ‘दे स्टुड बिहाइंड ईच अदर’. पहिला माणूस कुणाच्याच मागे नाही, आणि जो ज्याच्या मागे आहे त्याच्या मागे पुढचा असू शकत नाही, म्हणजे बाण परत फिरतच नाही. तरी वाक्य बरोबर, कुणी हरकत घेत नाही. मराठीत पण आपण ‘एकमेकांच्या मागे उभे होते’ म्हणतोच. म्हणून अदलाबदलीची टेस्ट दोन जणांवर कडक लावा, जास्त असतील तर एवढंच बघा की बाण स्वतःवर येतोय की दुसऱ्या कुणावर. रिपोर्टमध्ये नेमकं कुणी कुणाला हे महत्त्वाचं असेल तर ईच अदरवर सोडू नका, नावं घाला.

पण कर्ता एकच असेल तर ईच अदर येऊच शकत नाही, कारण दुसरं टिंबच नाही. हे सोपं वाटतं पण मराठीतून येताना इथेही पाय अडकतो, कारण आपण ‘प्रत्येकाने एकमेकांना मदत केली’ असं सहज बोलतो. ते शब्दशः नेलं तर ‘ईच स्टुडंट हेल्प्ड ईच अदर’ होतं आणि ते चूक आहे, ईच स्टुडंट म्हणजे एकेक सुटा विद्यार्थी. ‘द स्टुडंट्स हेल्प्ड ईच अदर’ लिहा, किंवा ‘ईच हेल्प्ड दि अदर्स’. टीम शब्दाबद्दल पण जपून, एकच टीम असेल आणि तिच्यातले लोक एकमेकांना बोल लावत असतील तर ‘द टीम मेंबर्स ब्लेम्ड ईच अदर’ लिहिलेलं सगळ्यात सुरक्षित.

दोन्ही भाषांतला एक उलटा व्यवहार मला शिकवताना फार आवडतो. मराठीत ‘स्वतःला’ला लिंग नाही, वचन नाही, तो स्वतःला, ती स्वतःला, त्या स्वतःला, सगळ्यांना एकच. पण एकमेकांना लिंग दाखवता येतं, मैत्रिणी असतील तर आपण ‘एकमेकींना’ म्हणतो. इंग्लिशमध्ये बरोबर उलटं, ईच अदर कधीच बदलत नाही, आणि हिमसेल्फ, हरसेल्फ, देमसेल्व्ज हे बदलत राहतात. म्हणून मराठी मुलं ईच अदरच्या रूपात कधी चुकत नाहीत आणि सेल्फच्या रूपात मात्र दर वहीत ‘देअरसेल्व्ज’ नाहीतर ‘दे ब्लेम्ड हिमसेल्फ’ सापडतं. त्यांच्या डोक्यात एकच ‘स्वतः’ आहे, त्याची चार रूपं करायची सवय नाही.

आता ‘आपल्याला’ची गोष्ट, कारण ती पण तुमच्या ऑफिसच्या मेलमध्ये येणार आहे. मराठीत म्हणतो, ‘दोन्ही टीम्स म्हणाल्या की मॅनेजरने आपल्याला दोष दिला.’ इथे आपल्याला म्हणजे कोण, तर त्या टीम्स. आपला ‘आपण’ असा लांब उडी मारतो, मधे दुसरा कर्ता असला तरी त्याच्या डोक्यावरून मागे जातो. इंग्लिशचा देमसेल्व्ज अशी उडी मारू शकत नाही, तो त्याच्या स्वतःच्या छोट्या वाक्यातल्या कर्त्यालाच बांधलेला असतो. ‘द टीम्स सेड दॅट द मॅनेजर ब्लेम्ड देमसेल्व्ज’ हे चूक, कारण ब्लेम्डचा कर्ता मॅनेजर आहे, एकटा आहे, त्याच्याशी देमसेल्व्ज जुळतच नाही. इथे साधं ‘देम’ लागतं. ईच अदरलाही हाच नियम, ‘द मॅनेजर ब्लेम्ड ईच अदर’ होऊ शकत नाही. 1981 मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींनी या दोघांना एकाच जातीत टाकलं ते यामुळेच, दोघांनाही आपला मालक जवळच, त्याच छोट्या वाक्यात लागतो. आपली ‘स्वतःला’ आणि ‘एकमेकांना’ ही जोडी पण बहुतेक वेळा तशीच जवळ राहते, लांब उडी मारतो तो ‘आपण’.

मालकी दाखवायची असेल तर देमसेल्व्ज कामाचंच नाही, त्याला ‘चा-ची-चे’ लागत नाही. ‘ते आपापल्या चुका सांगत होते’ म्हणजे ‘देअर ओन मिस्टेक्स’, आणि ‘एकमेकांच्या चुका’ म्हणजे ‘ईच अदर्स मिस्टेक्स’. तिथे ॲपॉस्ट्रॉफी ‘अदर’नंतर आणि मग एस, माणसं कितीही असोत. एसच्या नंतर कधीच नाही.

एक शेवटचं, काही क्रियापदांना दोन्ही लागत नाही. ‘दे मेट’ म्हणजे भेटले, ‘दे हग्ड’ म्हणजे मिठी मारली, एकमेकांना हे आतच आहे, आपल्या भेटलेसारखंच. उलट ‘दे शेव्ह्ड’, ‘दे ड्रेस्ड’ म्हटलं की ज्याने त्याने स्वतःचं. ब्लेम मात्र दोन्ही गटांत नाही, ते उघडं सोडता येत नाही आणि दोन्ही दिशांना जाऊ शकतं, म्हणून याच क्रियापदाशी सगळ्यात जास्त गडबड होते. ‘इंट्रोड्यूस’ पण तसंच, ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी ‘इंट्रोड्यूस युअरसेल्व्ज’ सांगितलं तर स्वतःचं नाव सांगायचं आणि ‘इंट्रोड्यूस ईच अदर’ सांगितलं तर शेजारच्याला विचारून त्याची ओळख बाकीच्यांना करून द्यायची. अर्धी खोली एक करते आणि अर्धी दुसरं, हे मी ट्रेनिंगमध्ये स्वतः पाहिलंय.

तर तुमचा मेल. मी तिथे असते तर असं लिहिलं असतं, अर्थ जसाच्या तसा ठेवून: ‘द बिलिंग अँड डिस्पॅच टीम्स वेअर ब्लेमिंग ईच अदर फॉर द डिले.’ पण क्लायंटला हे वाचायला देणं तसंही बरं नाही, म्हणून मी पुढे जाऊन दोष कुणाचा ते ठरेपर्यंत ब्लेम शब्दच काढला असता आणि लिहिलं असतं की दोन्ही टीम्स मिळून उशीर कुठे झाला ते तपासतायत. आणि जो मेल गेलाय त्याचं आजच करेक्शन पाठवा, कारण क्लायंटकडे आत्ता लेखी आहे की दोन्ही टीम्सनी चूक मान्य केली, उद्या पेनल्टीचा विषय निघाला तर तेच वाक्य समोर ठेवलं जाईल. करेक्शनमध्ये सारवासारव करू नका, फक्त लिहा की कालच्या मेलमध्ये ‘देमसेल्व्ज’च्या जागी ‘ईच अदर’ वाचावं, आणि उशिराचं कारण अजून शोधतोय, अमुक वारापर्यंत कळवतो.